सरकार बनतं कसं, टिकतं कसं, पडतं कसं : संसदीय पद्धतीचा प्रवाह, स्पर्धा परीक्षेसाठी

राज्यशास्त्राच्या पुस्तकात संसदीय पद्धतीची दहा वैशिष्ट्यं दिलेली असतात आणि मुलं ती पाठ करतात. परीक्षेत मात्र प्रश्न येतो तो असा : 'लोकसभेत ५४३ जागा आहेत, तर विश्वासदर्शक ठराव जिंकायला किमान २७२ मतं लागतातच. चूक की बरोबर?' दहाही वैशिष्ट्यं पाठ असलेला विद्यार्थी इथे 'बरोबर' म्हणून मोकळा होतो आणि गुण जातो. कारण त्याला शब्द माहीत असतात, पण एकातून दुसरी पायरी कशी निघते हे त्याने कधी चालून पाहिलेलं नसतं.

म्हणून या लेखात एकच धागा धरू. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५(३) मधलं एक छोटं वाक्य आहे : मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. राज्यांसाठी हेच वाक्य १६४(२) मध्ये आहे, फक्त लोकसभेच्या जागी विधानसभा. संसदीय पद्धतीतली जवळपास प्रत्येक पायरी या वाक्यातून बाहेर पडते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, त्यामुळे तिथल्या काँग्रेसने त्याचं विधेयक फेटाळलं तरी त्याची खुर्ची हलत नाही. आपल्याकडे सरकार सभागृहातूनच निघतं आणि सभागृहाचा विश्वास असेपर्यंतच राहतं.

प्रवाह साधारण असा :

निकाल → निमंत्रण → शपथ → विश्वासाची परीक्षा → रोजचा कारभार → विश्वास गमावणं किंवा मुदत संपणं → राजीनामा → पर्यायी सरकार किंवा सभागृहाचं विसर्जन → काळजीवाहू काळ → पुन्हा निकाल

निमंत्रण कोणाला?

एका पक्षाला स्वच्छ बहुमत मिळालं तर या पायरीवर थांबायचं कारण नाही. राष्ट्रपती त्या पक्षाच्या नेत्याला बोलावतात, संपलं. गंमत त्रिशंकू सभागृहात आहे. अनुच्छेद ७५(१) एवढंच म्हणतो की पंतप्रधानांची नियुक्ती राष्ट्रपती करतील. कोणाची, कोणत्या क्रमाने, बहुमत किती दिवसांत सिद्ध करायचं, यातलं काहीही तिथे लिहिलेलं नाही. ही जागा संकेतांनी आणि न्यायालयाच्या निकालांनी भरलेली आहे.

राज्यांच्या बाबतीत सरकारिया आयोगाने एक पसंतीक्रम सुचवला होता. पहिली पसंती निवडणुकीआधी झालेल्या युतीला. मग इतरांचा पाठिंबा घेऊन दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष. मग निवडणुकीनंतर झालेली, सर्व घटक सरकारात सामील असलेली आघाडी. शेवटी अशी आघाडी, जिच्यातले काही पक्ष सरकारात आणि काही बाहेरून पाठिंबा देणारे. हा क्रम घटनेत नाही. 'घटनेत तरतूद आहे' असं विधान दिसलं की ते चूक.

केंद्रातही राष्ट्रपतीनुसार पद्धत बदललेली दिसते. १९९६ मध्ये शंकरदयाळ शर्मांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून अटलबिहारी वाजपेयींना बोलावलं. बहुमत जुळलं नाही आणि १३ दिवसांत ते सरकार गेलं. त्याच वाजपेयींना १९९८ मध्ये के. आर. नारायणन यांनी आधी पाठिंब्याची पत्रं मागितली आणि आकडा दिसल्यावरच निमंत्रण दिलं. घटना दोन्ही वेळी तीच होती. विवेकाधिकार म्हणतात तो असा.

शपथ, आणि त्यातले हमखास सापळे

पंतप्रधानांची नियुक्ती झाली की बाकीचे मंत्री त्यांच्या सल्ल्याने नेमले जातात. शपथ घेतली की मंत्री कामाला लागतो. विश्वासमत नंतर येतं. हा क्रम उलटा सांगणारे पर्याय प्रश्नपत्रिकेत असतातच. सभागृहाने 'निवडून' दिल्यावर पंतप्रधान नेमायचा अशी पद्धत काही देशांत आहे, आपल्याकडे नाही.

मंत्री होण्यासाठी त्या क्षणी सभागृहाचं सदस्य असणं आवश्यक नाही. सहा महिन्यांच्या आत कोणत्याही एका सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं, नाही तर मंत्रिपद जातं. केंद्रासाठी ७५(५), राज्यासाठी १६४(४). महाराष्ट्राने हे जवळून पाहिलं आहे. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले तेव्हा ते विधानसभेतही नव्हते आणि विधान परिषदेतही. मुदत मे २०२० च्या शेवटी संपत होती आणि कोरोनामुळे निवडणुका थांबल्या होत्या. शेवटी निवडणूक घेण्यात आली आणि मे महिन्यात ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले. मुदत उलटून गेली असती तर राजीनामा देऊन पुन्हा शपथ घेता आली असती का? सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एस. आर. चौधरी खटल्यात याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. त्याच विधानसभेच्या काळात, निवडून न येता, सहा महिन्यांची ही सवलत दुसऱ्यांदा वापरता येत नाही. तो खटला पंजाबातल्या एका मंत्र्याचा होता.

मंत्र्यांच्या संख्येला २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने लगाम घातला : सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्के, पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री धरून. लोकसभेच्या ५४३ चे १५ टक्के ८१.४५, म्हणजे जास्तीत जास्त ८१. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ चे ४३.२, म्हणजे ४३. विधान परिषदेची संख्या यात मिळवायची नाही. छोट्या राज्यांत किमान १२ मंत्र्यांची सोय ठेवली आहे. ४० आमदारांच्या गोव्यात १५ टक्के म्हणजे फक्त ६ होतात, म्हणून तिथे १२ चा आकडा लागू होतो.

आणखी एक. मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ हे वर्तमानपत्रात एकाच अर्थाने येतात, परीक्षेत येत नाहीत. मंत्रिपरिषद म्हणजे कॅबिनेट मंत्री, राज्यमंत्री, उपमंत्री सगळे. मंत्रिमंडळ म्हणजे कॅबिनेट, निर्णय घेणारा छोटा गट. मूळ घटनेत कॅबिनेटचा उल्लेखच नव्हता. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो अनुच्छेद ३५२ मध्ये आला, कारण आणीबाणीची घोषणा यापुढे कॅबिनेटच्या लेखी निर्णयाशिवाय होऊ नये असं ठरलं. १९७५ मध्ये कॅबिनेटला सकाळी कळलं, तोवर राष्ट्रपतींची सही रात्रीच झाली होती.

राष्ट्रपतींच्या सहीचं थोडक्यात : अनुच्छेद ७४ नुसार ते मंत्रिपरिषदेच्या सल्ल्याने वागतात. ४२ व्या दुरुस्तीने (१९७६) तो सल्ला स्पष्ट शब्दांत बंधनकारक केला. ४४ व्या दुरुस्तीने एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. तोच सल्ला पुन्हा आला की मात्र मान्य करावाच लागतो.

विश्वासाची परीक्षा रोज असते

अविश्वास प्रस्ताव गाजतो, म्हणून वाटतं की सरकारचा कस तेव्हाच लागतो. खरं तर लोकसभेत सरकारचं महत्त्वाचं कामकाज मताला टाकलं जातं त्या प्रत्येक वेळी तो लागत असतो.

निवडणुकीनंतरच्या पहिल्या आणि दर वर्षीच्या पहिल्या अधिवेशनात राष्ट्रपतींचं अभिभाषण होतं. ते भाषण सरकारने लिहिलेलं असतं. त्यावरचा आभारप्रदर्शक ठराव लोकसभेत पडला, तर सभागृहाने सरकारचं धोरणच नाकारलं असा अर्थ होतो आणि सरकारने जायचं असतं. मार्च २०१५ मध्ये राज्यसभेने याच ठरावाला विरोधकांची दुरुस्ती जोडून तो संमत केला. सरकारची नाचक्की झाली, पण सरकार पडलं नाही. का? तर ७५(३) मध्ये राज्यसभा नाही.

पैशाचंही तसंच. खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या फक्त लोकसभेत मताला येतात. त्यांवर विरोधक कपात सूचना मांडतात. मागणी १ रुपयावर आणा म्हटलं तर ती धोरण कपात, म्हणजे धोरणालाच विरोध. ठरावीक मोठी रक्कम कमी करा म्हटलं तर काटकसर कपात. १०० रुपये कमी करा म्हटलं तर सांकेतिक कपात, विशिष्ट तक्रार नोंदवण्यासाठी. १०० रुपयांनी कोणत्याच खात्याचं बिघडत नाही. पण ती सूचना संमत झाली तर सभागृहाने सरकारला खर्चाचा अधिकार नाकारला असं होतं, आणि त्या शंभर रुपयांपायी सरकार जाऊ शकतं. म्हणून अर्थसंकल्पाच्या दिवसांत सत्ताधारी पक्षाचे प्रतोद, म्हणजे मतदानाचा पक्षादेश काढणारे सदस्य, आपल्या खासदारांना दिल्ली सोडू देत नाहीत.

दोन ठराव, दोन रस्ते

सरकारवर विश्वास आहे की नाही हे थेट विचारण्याचे मार्ग दोन.

अविश्वास प्रस्ताव विरोधक मांडतात. लोकसभेच्या नियम १९८ खाली नोटीस द्यायची, किमान ५० सदस्यांनी पाठिंब्याला उभं राहायचं, मग अध्यक्ष परवानगी मिळाल्याचं जाहीर करतात आणि १० दिवसांच्या आत चर्चा घेतात. कारण द्यावं लागत नाही. तो संपूर्ण मंत्रिपरिषदेविरुद्धच असतो, एकट्या मंत्र्याविरुद्ध नाही. एका मंत्र्याविरुद्ध मांडता येतो तो निंदाव्यंजक ठराव. त्यात कारणं द्यावी लागतात आणि तो संमत झाला म्हणून सरकारला राजीनामा द्यावाच लागतो असं नाही.

विश्वासदर्शक ठराव सरकार स्वतः मांडतं, बहुधा राष्ट्रपतींनी बहुमत सिद्ध करायला सांगितल्यावर. लोकसभेच्या नियमांत त्याच्यासाठी वेगळा नियम नाही. नियम १८४ खालचा साधा प्रस्ताव म्हणून तो येतो.

आता एक प्रश्न, जो मी कोणत्याही वर्गात आधी विचारीन : अविश्वास प्रस्तावावरच्या मतदानात केंद्रातली किती सरकारं पडली? उत्तर आहे शून्य. पहिला प्रस्ताव ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरूंच्या सरकारविरुद्ध आणला. बाजूने ६२, विरोधात ३४७. त्यानंतर कितीतरी आले, सगळे पडले किंवा मताला गेलेच नाहीत. सभागृहात हरून गेलेली तिन्ही सरकारं स्वतः मांडलेल्या विश्वासदर्शक ठरावावर हरली : विश्वनाथ प्रताप सिंग (नोव्हेंबर १९९०), देवेगौडा (एप्रिल १९९७) आणि वाजपेयी (एप्रिल १९९९).

या तिसऱ्यात अख्खा अभ्यासक्रम भरलेला आहे.

१७ एप्रिल १९९९

वाजपेयींचं आघाडी सरकार जयललितांच्या अण्णाद्रमुकच्या १८ खासदारांवर तोललेलं होतं. एप्रिलमध्ये त्यांनी पाठिंबा काढल्याचं पत्र राष्ट्रपतींना दिलं. नारायणन यांनी सरकार बरखास्त केलं नाही, राजीनामाही मागितला नाही. सभागृहात विश्वास सिद्ध करा एवढंच सांगितलं. १९९४ च्या एस. आर. बोम्मई निकालाचं सार हेच होतं की बहुमत मोजण्याची जागा राजभवन नाही, सभागृह आहे. तो निकाल राज्यांबद्दलचा, पण विचार तोच.

मतदान झालं. ठरावाच्या बाजूने २६९, विरोधात २७०.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा बघा. विरोधकांकडे २७२ नव्हते, तरी ते जिंकले. अनुच्छेद १०० म्हणतो की निर्णय हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने होतो. मतं पडली ५३९, त्यातलं बहुमत २७०. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक ही अट विश्वासमताला लागत नाही. सरकार बनवताना २७२ चा जप चालतो, कारण सगळे हजर राहिले तर तेवढे लागतील हा हिशेब सुरक्षित असतो.

यातूनच 'गैरहजर राहणं' या गोष्टीची ताकद कळते. बहुजन समाज पक्षाचे पाच खासदार तटस्थ राहतील अशी सरकारची समजूत होती. ऐन वेळी त्यांनी विरोधात मत दिलं. ते बाहेर राहिले असते तर आकडे झाले असते २६९ विरुद्ध २६५ आणि सरकार वाचलं असतं. एकही जास्तीचं मत न मिळवता. तटस्थ राहणाऱ्याने दोघांपैकी कोणालाच मदत केली नाही असं आपण म्हणतो, पण तो बहुमताची रेषाच खाली आणत असतो.

दुसरं मत गिरिधर गमांग यांचं. ते फेब्रुवारीत ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेचा राजीनामा दिलेला नव्हता. मुख्यमंत्री लोकसभेत येऊन मत कसं देतो? इथे वरची सहा महिन्यांची तरतूद उपयोगी पडते. ते अजून आमदार नव्हते. संसद आणि विधिमंडळ या दोन्हींचं सदस्यत्व एकाच वेळी ठेवता येत नाही, हे खरं. पण ते दोन्हींचे सदस्य नव्हतेच. एका ठिकाणी खासदार, दुसऱ्या ठिकाणी सदस्यत्वाविना मुख्यमंत्री. अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी यांनी निर्णय त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडला आणि त्यांनी विरोधात मत दिलं. औचित्यावर आजही वाद घाला, पण कायद्याने ते मत वैध होतं.

ते मत पडलं नसतं तर? २६९-२६९. लोकसभेचा अध्यक्ष एरवी मत देत नाही. समसमान मतं पडली तरच त्याला निर्णायक मत असतं. बालयोगी तेलुगु देसमचे होते आणि तो पक्ष सरकारला बाहेरून पाठिंबा देत होता. सरकारचं भवितव्य त्यांच्या हाती गेलं असतं. अध्यक्ष आपल्याच पक्षाचा असावा म्हणून सगळे का धडपडतात, आणि त्याच वेळी अध्यक्ष खुर्चीवर बसल्याने आपलं एक मत कसं कमी होतं, या दोन्ही गोष्टी इथे दिसतात.

तिसरं मत सैफुद्दीन सोझ यांचं. त्यांच्या नॅशनल कॉन्फरन्सचा आदेश सरकारच्या बाजूने मत देण्याचा होता. त्यांनी विरोधात दिलं आणि पक्षाने त्यांना काढून टाकलं. पण मत मोजलं गेलं. पक्षादेश, म्हणजे व्हिप, मोडून दिलेलं मत रद्द होत नाही. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीखाली सदस्यत्व जाऊ शकतं, तेही नंतर, अध्यक्षांसमोर अर्ज होऊन सुनावणी झाल्यावर. मत आधी, शिक्षा मागाहून. महाराष्ट्रातलं २०२२ चं प्रकरण समजायला हा क्रम डोक्यात पक्का हवा.

राज्यसभेचाही एक धडा इथेच घेऊन टाकू. जुलै २००८ मध्ये अणुकराराच्या वादातून डाव्यांनी पाठिंबा काढला तेव्हा मनमोहन सिंग यांनी विश्वासदर्शक ठराव मांडला आणि सरकार २७५ विरुद्ध २५६ ने तरलं. त्या २७५ मध्ये पंतप्रधानांचं स्वतःचं मत नव्हतं. ते राज्यसभेचे सदस्य होते. मंत्री कोणत्याही सभागृहात बसू शकतो, बोलू शकतो, पण मत फक्त जिथला सदस्य तिथेच.

पडल्यावर काय?

हरल्यावर पंतप्रधान राजीनामा देतात. म्हणजे लगेच निवडणूक असं नव्हे. राष्ट्रपती आधी पर्यायी सरकार बनतंय का ते बघतात. १९९९ मध्ये सोनिया गांधींनी २७२ जणांचा पाठिंबा असल्याचा दावा केला, पण मुलायमसिंगांनी साथ नाकारली आणि आकडा जमला नाही. २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. त्याआधी तिने अर्थसंकल्प चर्चेविना संमत करून घेतला, कारण सरकार पडलं तरी पगार द्यावेच लागतात आणि खजिन्यातून पैसा कायद्याशिवाय निघत नाही.

मग काळजीवाहू काळ. हा शब्द घटनेत नाही. राष्ट्रपती जुन्याच मंत्रिपरिषदेला पुढची व्यवस्था होईपर्यंत काम पाहायला सांगतात. लोकसभाच नाही, तर मंत्रिपरिषद कोणाला जबाबदार, आणि ती राहू तरी शकते का? हा प्रश्न १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला होता (यू. एन. राव खटला). न्यायालय म्हणालं, राष्ट्रपतींना सल्ला द्यायला मंत्रिपरिषद असलीच पाहिजे, अनुच्छेद ७४ ला पर्याय नाही. लोकसभा विसर्जित झाली म्हणून ती संपत नाही. संकेत इतकाच की अशा सरकारने मोठे धोरणात्मक निर्णय टाळावेत. पण टाळता न येणारे निर्णयही समोर येतात. विश्वासमत हरलेल्या याच काळजीवाहू सरकारच्या काळात कारगिलचं युद्ध लढलं गेलं.

काळजीवाहूंमध्ये सर्वांत विचित्र प्रकरण १९७९ चं. विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी देसाईंच्या सरकारविरुद्ध अविश्वास प्रस्ताव आणला. पक्ष फुटत गेला आणि मोरारजींनी मतदानाआधीच राजीनामा दिला. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डींनी आधी चव्हाणांनाच सरकार बनवता येतं का ते पाहायला सांगितलं, त्यांना जमलं नाही. मग चरणसिंग आले, शपथ घेतली, आणि लोकसभेला सामोरं जाण्याआधीच इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढला. पंतप्रधान म्हणून लोकसभेला एकदाही सामोरे न गेलेले ते एकमेव.

मतदानाआधीचा राजीनामा, आणि त्याची किंमत

मोरारजींसारखा आधीच राजीनामा देण्याचा रस्ता महाराष्ट्राने तीन वर्षांत दोनदा पाहिला.

२०१९ मध्ये निकालात २८८ पैकी भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. युती तुटली, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली, २३ नोव्हेंबरच्या पहाटे ती उठली आणि सकाळी देवेंद्र फडणवीसांचा शपथविधी झाला. सर्वोच्च न्यायालयाने २६ तारखेला आदेश दिला : दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत बहुमत चाचणी घ्या, हंगामी अध्यक्षांच्या देखरेखीखाली, गुप्त मतदान नको, थेट प्रक्षेपण करा. यातली प्रत्येक अट का घातली ते ओळखता आलं पाहिजे. कायम अध्यक्षाची निवडणूक आधी घेतली तर वेळ जातो. गुप्त मतदानात व्हिप मोडणारा ओळखू येत नाही. थेट प्रक्षेपण असलं की मोजणीवर वाद राहत नाही. त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला.

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारींनी ३० जूनला बहुमत सिद्ध करायला सांगितलं. न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि २९ च्या रात्री उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला. ३० ला एकनाथ शिंदेंचा शपथविधी, ४ जुलैला विश्वासमत : १६४ विरुद्ध ९९. इथेही १४५ चा आकडा कायद्याने लागत नव्हता. मतं २६३ पडली होती, १३२ पुरले असते.

११ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सुभाष देसाई खटल्यात निकाल दिला. तो सावकाश वाचावा, कारण त्यात एकाला दोष आणि फायदा दुसऱ्याला असं वरवर दिसतं.

न्यायालय म्हणालं की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं योग्य नव्हतं. त्यांच्यासमोर सरकारने विश्वास गमावल्याचा वस्तुनिष्ठ पुरावा नव्हता. आमदारांनी नाराजी आणि सुरक्षेची काळजी कळवली होती, पण सरकारचा पाठिंबा काढल्याचं त्यात नव्हतं. पक्षातलं भांडण मिटवायला बहुमत चाचणी हे हत्यार नाही. विरोधकांना सरकार पाडायचं होतं तर त्यांना अविश्वास प्रस्ताव मांडता आला असता. दोन ठरावांचा वरचा फरक इथे प्रत्यक्षात उतरला : अविश्वास प्रस्तावाला राज्यपाल लागत नाही, सदस्य लागतात.

मग ठाकरे सरकार परत का आलं नाही? कारण चाचणी झालीच नाही. ठाकरे सभागृहाला सामोरे गेले नाहीत, राजीनामा स्वतःहून दिला. रद्द करायला मतदानच नव्हतं, आणि दिलेला राजीनामा न्यायालय मागे घेऊ शकत नाही. मुख्यमंत्रिपद रिकामं झाल्यावर राज्यपालांनी शिंदेंना बोलावलं, ते मात्र योग्य ठरलं. ठाकरे मतदानाला उभे राहून हरले असते, तर त्यांच्या वकिलांकडे आव्हान द्यायला निदान एक निकाल असता.

निकालाचा दुसरा भाग व्हिपचा. तेव्हा शिवसेनेच्या दोन गटांचे दोन प्रतोद होते, सुनील प्रभू आणि भरत गोगावले, आणि दोघेही एकमेकांच्या आमदारांना आदेश देत होते. विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी गोगावलेंना मान्यता दिली होती. न्यायालयाने ती बेकायदा ठरवली : प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. म्हणजे सभागृहातल्या आमदारांचा बहुसंख्य गट केवळ संख्येच्या जोरावर स्वतःचा प्रतोद नेमू शकत नाही. पण मूळ राजकीय पक्ष कोणाचा, आणि अपात्र कोण, हे ठरवायचं काम न्यायालयाने अध्यक्षांकडेच ठेवलं. १० जानेवारी २०२४ ला नार्वेकरांनी शिंदे गट हीच खरी शिवसेना असा निर्णय दिला आणि दोन्ही गटांतल्या एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही. तोवर ४ जुलै २०२२ च्या विश्वासमतातली मतं मोजून दीड वर्ष झालं होतं.